सिक बोचं टेबल: तीन फासे, 216 शक्यता आणि प्रत्येक चौकटीची वेगळी कापणी

बडोद्यात जन्माष्टमीच्या सातम-आठमला पत्ते न कुटणारं घर शोधावं लागेल. दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी वाड्यांनीही ही गुजराती सवय पिढ्यान्‌पिढ्या आनंदाने उचलली आहे. घरातल्या तीन पत्तीत एकाचे गेलेले पैसे दुसऱ्याच्या खिशात जातात आणि मधे कोणी काही खात नाही. अड्ड्यावर मात्र प्रत्येक डावातून अड्डेवाला आपली नाल काढतो आणि ती सगळ्यांसमोर काढतो. कॅसिनोतही नाल असतेच, पण ती भांड्यातून उचलताना दिसत नाही. जिंकणाऱ्याला जो दर दिला जातो, त्या दरातच ती कापलेली असते. यालाच हाऊस एज म्हणतात.

हा विषय डोक्यात यायचं कारण आमचे भाऊकाका. मुलाने त्यांना हाँगकाँग-मकाऊ फिरवून आणलं आणि ते येताना सिक बोच्या टेबलावरचे दर कागदावर उतरवून घेऊन आले. बँकेत आयुष्य गेलेला माणूस, आकडा दिसला की टिपून ठेवणार. त्यांचा प्रश्न साधा होता: "अरे, एकाच टेबलावर पन्नास चौकटी आहेत. सगळ्यांत सारखाच तोटा असेल ना? नाहीतर लोक एकाच चौकटीवर नसते का बसले?"

तोटा सारखा नाही, मुळीच नाही. त्याच टेबलावर एक चौकट शंभर रुपयांतले सरासरी पावणेतीन रुपये कापते आणि वीतभर अंतरावरची दुसरी सत्तेचाळीस. लोक तरीही दोन्हीकडे पैसे टाकतात, कारण चौकटीवर दर छापलेला असतो आणि कापणी छापलेली नसते. ती आपली आपण काढावी लागते. गणित मात्र पाचवीतल्या मुलाला येईल इतकंच आहे.

खेळ असा. काचेच्या घुमटाखाली तीन फासे हलवले जातात. त्याआधी तुम्ही टेबलावरच्या चौकटींवर पैसे ठेवलेले असतात: बेरीज अमुक येईल, अमुक आकडा येईल, जोडी येईल, तिन्ही सारखे येतील. फासे उघडले की जुळलेल्या चौकटी उजळतात. यात कसब शून्य. पैसे कुठे ठेवायचे, एवढाच निर्णय खेळणाऱ्याच्या हातात असतो.

एका फाशाला सहा बाजू, म्हणून तीन फाशांचे 6 × 6 × 6, म्हणजे 216 प्रकार. हे पटायला घरातल्या लुडोच्या डब्यांतून लाल, हिरवा आणि पिवळा असे तीन वेगळ्या रंगांचे फासे घ्यावेत. लाल 1, हिरवा 2, पिवळा 6 हा एक प्रकार. लाल 2, हिरवा 1, पिवळा 6 हा दुसरा. फासे एकाच रंगाचे असले की हे दोन सारखे दिसतात, पण पडायला ते वेगळेच पडतात. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आता कल्पना करा की 216 डाव झाले आणि प्रत्येक प्रकार बरोबर एकदा पडला. प्रत्यक्षात असं नेमकं कधी होत नाही, एका संध्याकाळी तर नाहीच. पण हजारो डावांची सरासरी याच आकड्याकडे सरकत जाते आणि टेबलाचा मालक त्याच सरासरीवर जगतो. दर डावाला 100 रुपये लावले, तर एकूण 21,600 रुपये टेबलावर जाऊन येतात. त्यातले परत किती येतात, एवढंच पाहायचं.

पहिली चौकट 'छोटं'. बेरीज 4 ते 10 आली तर शंभराला शंभर मिळतात. समोरची 'मोठं' 11 ते 17 ची. दोघांनी मिळून टेबल अर्धं अर्धं वाटून घेतलंय असं वाटतं, पण एक अट आहे: तिन्ही फासे सारखे आले तर छोटंही हरतं आणि मोठंही. असे प्रकार सहाच, 1-1-1 पासून 6-6-6 पर्यंत. ते वगळले की दोन्ही बाजूंना 105-105 प्रकार उरतात. म्हणजे 'छोटं'वर 105 वेळा जिंकून 10,500 मिळाले, 111 वेळा हरून 11,100 गेले. तोटा 600 रुपयांचा. 21,600 वर तो 2.78 टक्के भरतो. ते सहा तिहेरी प्रकार हीच इथली सगळी नाल. ती अट काढून 3 ही बेरीज 'छोटं'त आणि 18 'मोठं'त धरली तर हा डाव घरच्या तीन पत्तीइतका बरोबरीचा होईल. सम-विषम ही चौकटही याच अटीवर चालते, म्हणून तिचाही आकडा हाच.

दर वेळी एवढं लिहीत बसायला नको म्हणून एक झटपट रीत सांगतो. छापलेल्या दरात एक मिळवा, त्याला जिंकणाऱ्या प्रकारांनी गुणा आणि उत्तर 216 पेक्षा किती कमी भरतं ते बघा. छोट्याचा दर 1, त्यात एक मिळवून 2, गुणिले 105 म्हणजे 210. सहा कमी. सहा भागिले 216, तेच 2.78 टक्के. एक मिळवायचा तो आपल्याच परत आलेल्या पैशांसाठी. मात्र काही ठिकाणी दर 'एकूण परतावा' म्हणून, म्हणजे आपले पैसे धरूनच छापलेला असतो. तिथे पुन्हा एक मिळवायचा नाही. दोन टेबलांची तुलना करताना लोक इथेच हमखास घसरतात, कारण तोच दर एका जागी 5 लिहिलेला असतो आणि दुसऱ्या जागी 6.

आता बेरजांच्या चौकटी. भाऊकाकांचा खरा रस इथे होता. 4 पासून 17 पर्यंत प्रत्येक बेरजेची वेगळी चौकट असते आणि मधल्या 9, 10, 11, 12 या चारींवर त्यांच्या कागदात एकच दर होता: एकास सहा. "चारी बेरजा सारख्याच येत असतील म्हणून दर सारखा," असं त्यांनी धरलं होतं. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर ते खरंही वाटतं. 9 ही बेरीज सहा तऱ्हांनी होते: 1-2-6, 1-3-5, 1-4-4, 2-2-5, 2-3-4, 3-3-3. 10 हीसुद्धा सहाच तऱ्हांनी: 1-3-6, 1-4-5, 2-2-6, 2-3-5, 2-4-4, 3-3-4. सहाला सहा.

हाच प्रश्न सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत गॅलिलिओपुढे आला होता. तऱ्हा सारख्या असून 10 ही 9 पेक्षा जास्त वेळा का पडते, अशी शंका खेळणाऱ्यांना आली होती आणि त्याने त्यावर एक छोटं टिपण लिहिलं. उत्तर आपल्या रंगीत फाशांत आहे. तिन्ही आकडे वेगळे असतील तर ते सहा प्रकारे पडतात, दोन सारखे असतील तर तीन प्रकारे आणि तिन्ही सारखे असतील तर एकाच प्रकारे. 9 च्या यादीत 3-3-3 आहे, तो एकटाच मोजला जातो. 10 च्या यादीत तसा एकही नाही. बेरीज करून पाहा, 9 चे 25 प्रकार होतात आणि 10 चे 27.

फरक दोनच प्रकारांचा, पण दर सारखा ठेवला की तो खिशाला लागतो. 10 साठी: सात गुणिले 27 म्हणजे 189, कमी पडले 27, तोटा 12.5 टक्के. 9 साठी: सात गुणिले 25 म्हणजे 175, कमी पडले 41, तोटा जवळपास 19 टक्के. 11 ची गत 10 सारखी आणि 12 ची 9 सारखी, कारण फासे उलटे मोजले की तेच प्रकार मिळतात. एकास सहा छापलेल्या चार चौकटींत दोन दुसऱ्या दोहोंपेक्षा दीडपट महाग आहेत आणि टेबलावर तसं काहीच दिसत नाही.

तरी या मधल्या चौकटी सभ्यच म्हणायच्या. खरी लूट 5 आणि 16 वर आहे. 5 ही बेरीज सहा प्रकारांनी येते: 1-1-3 चे तीन आणि 1-2-2 चे तीन. म्हणजे 216 मधल्या 210 वेळा हार आणि 6 वेळा जीत. बरोबरीचा दर एकास 35 व्हायला हवा. अमेरिकेत अटलांटिक सिटीच्या पद्धतीच्या दरपत्रकात इथे एकास 30 असतो, त्यात तोटा 13.89 टक्के. मकाऊत सर्रास दिसणारा आणि भाऊकाकांच्या कागदावरचा दर होता एकास 18. एकोणीस गुणिले 6 म्हणजे 114. दोनशे सोळाला तब्बल 102 कमी. तोटा 47.2 टक्के! शंभर ठेवले की सरासरी 47 रुपये टेबलाचे.

"पण अठरापट मिळतात की!" काकांचं म्हणणं. मी त्यांना शेजारची चौकट बघायला सांगितली. 4 ही बेरीज फक्त तीन प्रकारांनी येते, 5 च्या बरोबर निम्म्या. तिथे त्याच कागदावर दर एकास 50 होता. जी गोष्ट दुप्पट वेळा घडते, तिला साधारण निम्मा दर मिळाला तर वाजवी. पन्नासाचा निम्मा पंचवीस, आणि छापलेत अठरा. 4 ची चौकटही काही साधुसंत नाही, तिचा तोटा 29 टक्के आहे. पण 5 ची चौकट तिच्याही वर कडी करते. असा ओबडधोबड ताळा कागद-पेन्सिलीशिवाय उभ्या उभ्या करता येतो आणि वाईट चौकट लगेच उघडी पडते.

बेरजांत त्यातल्या त्यात बरी कोणती, तर 7 आणि 14. पंधरा प्रकार, दर एकास 12. तेरा गुणिले 15 म्हणजे 195, तोटा 9.7 टक्के. हा दर दोन्ही पद्धतींत सारखाच सापडतो. बरी म्हणजे इतर बेरजांच्या मानाने, 'छोटं'च्या तिपटीहून जास्त तोटा इथेही आहेच.

जोड्यांच्या चौकटी डोळ्यांना फार भुलवतात. 'दोन तिऱ्या', म्हणजे तिघांपैकी किमान दोन फाशांवर 3. जिंकणारे प्रकार 16: दोन तिऱ्या आणि तिसरा फासा वेगळा असे 15, शिवाय तिन्ही 3 चा एक. मकाऊचा दर एकास 8. नऊ गुणिले 16 म्हणजे 144, कमी 72, तोटा बरोबर एक तृतीयांश. हीच चौकट अटलांटिक सिटीच्या दराने, एकास 10 ने, 18.5 टक्के कापते. दोन वेगळ्या आकड्यांची चौकट, समजा '2 आणि 5', दिसायला गरीब कारण दर एकास पाचच. पण तिचे प्रकार 30 आहेत, जोडीच्या जवळजवळ दुप्पट. सहा गुणिले 30 म्हणजे 180, तोटा 16.7 टक्के. कुठे हाच दर एकास 6 सापडला तर सात गुणिले 30 होतात 210 आणि तोटा थेट 2.78 वर येतो, 'छोटं'च्या बरोबरीला. एका आकड्याने एवढा फरक पडतो.

एका आकड्याच्या चौकटीबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे. "प्रत्येक फाशावर 4 यायची शक्यता सहात एक, फासे तीन, म्हणजे निम्म्या वेळा येणारच." तसं होत नाही, कारण कधी कधी एकाच डावात दोन किंवा तीन चौके येऊन बसतात आणि बाकीचे डाव कोरडे जातात. 216 पैकी 125 डावांत 4 दिसतच नाही. एकदा दिसला तर एकपट, दोनदा दुप्पट, तीनदा तिप्पट या दराने हिशेब केला तर 10,800 मिळतात आणि 12,500 जातात. तोटा 7.87 टक्के. छोटं-मोठं सोडलं तर टेबलावरच्या सुसह्य चौकटींत ही मोडते.

तिहेरीवर फार वेळ घालवत नाही. ठरावीक तिहेरी, जसं तीन षटकार, 216 मध्ये एकदाच. एकास 180 मिळाले तर तोटा 16.2 टक्के, एकास 150 मिळाले तर 30.1 टक्के. मोठा आकडा बघून जीव सुटतो तो इथेच. 'कोणतीही तिहेरी' ही चौकट मात्र जरा बारकाईने बघायला हवी, कारण ती शहाणी माणसं खेळतात.

त्यांचा विचार असा: 'छोटं' फक्त तिहेरीमुळे अन्यायाने हरतं ना, मग 100 रुपये छोट्यावर ठेवून 10 रुपये 'कोणतीही तिहेरी'वर टाकू, म्हणजे विमा झाला. ऐकायला हुशारीचं वाटतं. हिशेब करू. तिहेरीचा दर एकास 24 धरला तर 216 डावांत ती सहा वेळा येऊन 1,440 रुपये देते आणि 210 वेळा दहा-दहा घेऊन 2,100 नेते. विम्यावरचा तोटा 660. मूळ 'छोटं'चा तोटा होता 600. म्हणजे एक दशांश रकमेचा विमा मूळ डावापेक्षा महाग पडला आणि एकूण तोटा दुपटीच्या वर गेला. एकास 30 चा दर असला तर विम्याचा तोटा 300 वर येतो, तरी तो फुकट नाही. तोट्याचे दोन डाव एकत्र केले की त्यांचे तोटे एकमेकांना खात नाहीत, त्यांची बेरीज होते. "आणखी चार चौकटी धरून ठेवू" या युक्तीचंही हेच.

भाऊकाकांनी मग विचारलं, की समोरच्या फलकावर मागच्या डावांचे निकाल लागलेले असतात, पाच वेळा 'छोटं' आलं असेल तर आता 'मोठं' येणार नाही का? फाशांना मागचं आठवत नाही. सहाव्या डावातही मोठ्याचे प्रकार 105 च राहतात. तो फलक कुठल्याही चौकटीचा तोटा कमी करत नाही, फक्त माणसाला टेबलाशी जास्त वेळ उभं करतो. आणि वेळ हाच इथला दुसरा खर्च. तासाला 50 डाव धरले आणि दर डावाला 100 रुपये, तर 'छोटं'वर तासाचे सरासरी 139 रुपये जातात, मकाऊच्या दराने जोडीवर 1,667 आणि 5 च्या बेरजेवर 2,361.

दोन फाशांचं क्रॅप्सचं टेबलही याच कसोटीवर लावता येतं, फक्त इथे प्रकार 36 च. त्यातली मूळ चौकट पास लाइन. पहिल्या फेकीत 7 किंवा 11 आले तर जीत. 2, 3 किंवा 12 आले तर हार. दुसरं काही आलं तर तो आकडा पुन्हा येईपर्यंत फेकत राहायचं, मधे 7 आला की हार. तोटा फक्त 1.41 टक्के, म्हणजे सिक बोच्या सर्वांत चांगल्या चौकटीच्या निम्मा. पण त्याच टेबलाच्या मध्यभागी 'पुढची फेक 7' अशी चौकट असते, दर एकास 4. सात हा 36 पैकी 6 प्रकारांनी येतो. पाच गुणिले 6 म्हणजे 30, छत्तिसाला सहा कमी, तोटा 16.7 टक्के. 12 वर एकास 30 मिळतात आणि 13.9 टक्के जातात.

क्रॅप्समधली सर्वांत मासलेवाईक गोष्ट 6 या आकड्याची आहे. 7 च्या आधी 6 येईल, एवढीच पैज. 6 चे पाच प्रकार, 7 चे सहा. कोपऱ्यातल्या 'बिग सिक्स' नावाच्या ठळक चौकटीवर ही पैज लावली तर शंभराला शंभर मिळतात आणि तोटा 9.1 टक्के होतो. हीच पैज 'प्लेस' या पद्धतीने लावली तर दर सहाला सात मिळतो आणि तोटा 1.5 टक्के. फासे तेच, आकडा तोच, जिंकणं-हरणंही एकाच क्षणी. 'बिग सिक्स'ची अक्षरं मोठी आणि चौकट खेळणाऱ्याच्या हाताशी, तर 'प्लेस'साठी पैसे टेबलावरच्या माणसाकडे देऊन सांगावं लागतं.

हे सगळं बडोद्यात बसून आजमावायचं तर लुडोच्या फाशांवर आणि चिंचोक्यांवरच. गुजरातेत मुंबई इलाख्याच्या काळातला 1887 चा जुगारबंदी कायदा आजही चालतो, गोव्यातल्यासारखे परवानाधारक कॅसिनो इथे नाहीत. फोनवर सिक बो दाखवणाऱ्या साइट्सचं म्हणाल, तर ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवायला, त्यांची जाहिरात करायला आणि त्यांचे पैसे फिरवायला देशभर बंदी आहे. तिथे दर कोणता छापलाय हा प्रश्नच मागे पडतो, कारण जिंकलेले पैसे दिले नाहीत तर दाद मागायला जागा नाही. भाऊकाकांनी चिंचोके घेऊन रात्रभर 5 च्या चौकटीची परीक्षा घेतली. सकाळी काकूंनी चिंचोके मोजले तेव्हा निम्मे 'टेबलाच्या' वाटीत होते.